कुठल्या वस्तूत कुठला पेन्सिल सेल? घड्याळ, रिमोट आणि खेळण्यांचा हिशोब

सांगलीत गणपती पेठेत जा, नाहीतर विश्रामबागेत घराजवळच्या किराणा दुकानात. ‘पेन्सिल सेल द्या’ म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा काही न विचारता दहा-पंधरा रुपयांचा साधा सेल हातावर ठेवतो. त्याची चूक नाही, कारण गिऱ्हाइकानंही कशासाठी हवाय ते सांगितलेलं नसतं. पण याच आकारात तीन वेगवेगळ्या जाती मिळतात आणि एका वस्तूला जी मानवते ती दुसरीला मानवेलच असं नाही. माझ्या रिपेअरिंगच्या टेबलावर ‘बंद पडलंय’ म्हणून जी खेळणी येतात, त्यांतल्या बऱ्याच खेळण्यांना काहीही झालेलं नसतं. आतला सेल चुकीच्या जातीचा असतो, एवढंच.

आधी सेलवरचा छापील मजकूर वाचा

तिन्ही जातींचा आकार एकच असतो. जाडी साधारण साडेचौदा मिलिमीटर, लांबी पन्नास मिलिमीटरच्या जरा वर. त्यामुळे नुसतं बघून जात कळत नाही. सेलच्या अंगावर बारीक इंग्रजी अक्षरांत एक खूण छापलेली असते, ती शोधा. नुसतं ‘आर ६’ असेल तर तो साधा, म्हणजे झिंक-कार्बनचा सेल. पुढे एल लागून ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाईन. ‘एचआर ६’ असेल तर निकेल-मेटल हायड्राइडचा, म्हणजे नेहमीचा रिचार्जेबल. रिचार्जेबलवर १.२ व्होल्ट आणि एमएएचचा, म्हणजे सेलमध्ये किती साठा मावतो त्याचा आकडाही ठळक छापलेला असतो. बाकी दोघांवर १.५ व्होल्ट असतं.

रिमोटच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. हल्लीच्या बऱ्याच रिमोटना बारीक पेन्सिल सेल लागतो, म्हणजे तीन ए वाला. त्याच्या खुणेत सहाऐवजी ०३ असतं. जातींचा नियम मात्र तोच.

सेल घेताना तारीखही बघा. अल्कलाईन न वापरता सात-दहा वर्षं टिकतो, साधा दोन-तीन वर्षं. दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात वर्षभर टांगलेली साध्या सेलची पट्टी मी घेत नाही. उष्णतेनं सेल आतल्या आत लवकर उतरतो आणि आपल्याकडचा एप्रिल-मे काय असतो ते वेगळं सांगायला नको.

१.२ व्होल्टची भीती घालवा

रिचार्जेबल घ्यायला आलेले लोक इथेच अडतात. ‘दीडचा सेल लागतो, हा तर एक पॉइंट दोनचा. गाडी चालेल का?’ शंका रास्त आहे, पण १.५ हा आकडा ताज्या सेलचा आहे. अल्कलाईन सेल काम करायला लागला की त्याचा व्होल्टेज पहिल्या मिनिटापासून हळूहळू उतरत जातो. १.५, १.४, १.३ असं करत तो ०.९ च्या आसपास संपतो. रिचार्जेबल चार्जरमधून काढला तेव्हा १.४ च्या आसपास असतो, लगेच सव्वापर्यंत येतो आणि तिथेच जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. मग एकदम कोसळतो. म्हणजे अल्कलाईनचं निम्मं आयुष्य १.२ च्या आसपास किंवा त्याखालीच जातं, आणि वस्तू बनवणाऱ्यानं ते धरूनच ती बनवलेली असते.

खरा फरक आहे तो सेल एका दमात किती करंट देऊ शकतो यात. प्रत्येक सेलच्या आत स्वतःचा थोडा रोध असतो. साध्या सेलमध्ये तो सगळ्यात जास्त, अल्कलाईनमध्ये कमी, रिचार्जेबलमध्ये अगदीच किरकोळ. वस्तूनं जास्त करंट ओढला की सेलचा काही व्होल्टेज या आतल्या रोधातच खर्च होतो आणि बाहेर कमी पोचतो. करंट अगदी थोडा असेल तर या रोधानं काहीच बिघडत नाही.

म्हणून पुढची सगळी निवड एकाच प्रश्नावर चालते: वस्तू किती करंट ओढते?

भिंतीवरचं घड्याळ: रिचार्जेबल घालू नका

घड्याळ म्हणजे करंटच्या बाबतीत अत्यंत काटकसरी प्राणी. आतल्या यंत्राला सेकंदाला एक बारीकसा धक्का पुरतो. सरासरी काढली तर मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास करंट जातो, कधी त्याच्या दुप्पट. हिशोबाला ०.१५ धरा. दिवसाला ३.६ एमएएच आणि वर्षाला साधारण १३०० एमएएच झाले. इतक्या मंद खर्चात साधा सेल हजारच्या आसपास देतो, म्हणजे नऊ-दहा महिने ते वर्षभर सहज जातं. अल्कलाईन पावणेदोन-दोन वर्षं काढतो.

आता इथे रिचार्जेबल घातला तर? त्याचा जोरदार करंट देण्याचा गुण इथे कुणालाच नको आहे. उलट त्याचा दोष तेवढा अंगावर येतो, कारण तो नुसता बसूनही उतरतो. जुन्या पद्धतीचा निकेल-मेटल हायड्राइड सेल महिन्याला वीस-तीस टक्के असाच गमावतो. घड्याळ खातंय त्यापेक्षा जास्त सेल स्वतःच गमावतोय, असा प्रकार होतो. नव्या, पडून कमी उतरणाऱ्या सेलचं बरं असतं, वर्षभरानंतरही त्यात सत्तर टक्क्यांच्या वर शिल्लक राहतं. पण दोनशे रुपयांचा सेल भिंतीवर अडकवून ठेवायचा आणि वर्षा-दीड वर्षातून एकदा चार्ज करायचा, यात वाचलं काय? दहा-पंधरा रुपये.

माझं मत सांगतो. घड्याळात साधा सेल चालतो. घरात अनेक घड्याळं असतील आणि स्टुलावर चढायचा कंटाळा असेल तर अल्कलाईन घाला. काही घड्याळांच्या पाठीवर कुठला सेल घालावा ते छापलेलं असतं, तिथे तेच ऐका. आणि सेल संपायची वाट न बघता दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ खाली उतरवलंच आहे तेव्हा बदलून टाका. साध्या सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं इंधन असतं. सेल वापरला जातो तसं ते आतून झिजतं, शेवटी भोक पडतं आणि आतला ओलावा बाहेर येतो. संपलेला सेल यंत्रात तसाच राहिला की वीस रुपयांच्या आळसापायी यंत्र जातं.

सेल संपत आल्याची खूणही बघून ठेवा. सेकंदकाटा नऊच्या आसपास, म्हणजे डाव्या बाजूला, जागच्या जागी थरथरत राहतो आणि वर चढत नाही. तिथे काटा आडवा असतो आणि त्याचं वजन वर उचलायला सगळ्यात जास्त ताकद लागते. दुबळ्या सेलची ताकद नेमकी तिथेच कमी पडते. घड्याळ बिघडलं म्हणून उतरवून आणण्याआधी काटा कुठे अडलाय ते बघा.

रिमोट: अल्कलाईन, पण एसीच्या रिमोटकडे लक्ष

रिमोट बटण दाबल्यावरच काम करतो. त्या क्षणी पुढचा बारीक दिवा बराच करंट घेतो, पण तो डोळ्याची पापणी लवण्यापेक्षा कमी वेळ. उरलेला दिवस रिमोट नुसता पडून. वर्षभराची बेरीज इतकी थोडी होते की अल्कलाईनची एक जोडी वर्ष-दोन वर्षं चालते. साधा सेलही चालतो, पण रिमोटमध्ये मी तो घालायला सांगत नाही. कारण गळती. रिमोटचे सेल कुणी उघडून बघत नाही आणि गळलेल्या सेलनं स्प्रिंग खाल्ली की रिमोट गेला.

यात सगळ्यात जास्त बळी एसीच्या रिमोटचे जातात. उन्हाळा संपला, जूनमध्ये पाऊस लागला की रिमोट ड्रॉवरमध्ये जातो तो थेट पुढच्या मार्चला बाहेर येतो. नऊ महिने अर्धवट संपलेले सेल आत. पावसाळ्याच्या सुरुवातीला एसी बंद केला की सेल काढून ठेवायचे.

रिमोट चालत नसेल तर दोष सेलचा की रिमोटचा हे घरीच कळतं. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा उजेड स्क्रीनवर जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा दिसत नाही, त्याच्या काचेवर तो उजेड अडवणारा थर असतो. लुकलुकणं अगदी मंद असेल तर आधी सेल बदला.

खेळणं: इथेच पैसे वाचतात

विश्रामबागच्या एक ताई मुलाची रिमोटवरची गाडी घेऊन आल्या होत्या. ‘दादा, कालच नवीन सेल घातलेत, तरी रेंगाळतीय. मोटर गेली वाटतं.’ गाडीत चार साधे सेल होते. गाडी बंद असताना मीटर लावला तर ५.६ व्होल्ट, म्हणजे एका सेलला १.४. कागदावर सेल उत्तम. मग मीटर तसाच ठेवून चाकं फिरवली आणि आकडा घसरून तीनच्या जरा वर येऊन थांबला. अडीच व्होल्ट सेलच्या पोटातल्या रोधातच गेले. मोटरला मिळाले तीन. त्याच जागी चार्ज केलेले चार रिचार्जेबल घातले. बंद असताना ५.३, म्हणजे आधीपेक्षा कमीच. पण चाकं फिरताना ४.८. गाडी टेबलावरून उडी मारते की काय अशी पळाली.

म्हणून मीटर असेल तर वस्तू चालू असताना मोजा. नुसत्या पडलेल्या सेलचा व्होल्टेज फसवतो. रिचार्जेबलच्या बाबतीत तर तो जवळजवळ काहीच सांगत नाही, भरलेला आणि निम्मा यांत फरकच दिसत नाही.

अशी गाडी पळताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट घेते. सतरंजीवर अडकली तर दुप्पटही. घड्याळाच्या काही हजार पट झाले हे. या गतीनं साधा सेल अर्ध्या तासाच्या आसपास दम सोडतो, त्याच्यावर एरवी मिळणारे हजार एमएएच इथे मिळतच नाहीत. अल्कलाईन अडीच तास बरा चालतो, पण पहिल्या तासानंतर गाडी मंदावत जाते. २००० एमएएचचा रिचार्जेबल साडेतीन-चार तास देतो आणि शेवटपर्यंत एकाच वेगात.

मूल रोज अर्धा तास खेळतं असं धरून महिन्याचा हिशोब मांडू. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून आकडे ढोबळ. साधा सेल बारा रुपयांचा, चारचे ४८, आणि संच जवळजवळ रोज बदलायचा. महिन्याला चौदाशेच्या पुढे. अल्कलाईन चाळीसचा, चारचे १६०, संच पाच दिवसांनी, महिन्याला साडेनऊशे. चार रिचार्जेबल आणि बरा चार्जर मिळून बाराशे-पंधराशेला येतात, एकदाच. आठवड्यातून एकदा चार्ज करायचा आणि विजेचा खर्च काही पैशांचा. दोन महिन्यांच्या आत वसूल. सगळ्यात स्वस्त सेल इथे सगळ्यात महाग पडतो.

याच गाडीच्या हातातल्या रिमोटला मात्र दोन अल्कलाईन पुरतात. तसंच बटण दाबल्यावर एखादंच गाणं म्हणणाऱ्या बाहुलीला, किंवा महिन्यातून एकदा कपाटातून निघणाऱ्या खेळण्याला. नियम ‘खेळणं म्हणजे रिचार्जेबल’ असा नाही. मोटर आहे का आणि रोज वापर आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही खेळण्यात करू नका: दोन नवे आणि दोन जुने, किंवा दोन अल्कलाईन आणि दोन रिचार्जेबल अशी भेळ. चारही सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांतून सारखाच करंट जातो. दुबळा सेल आधी रिकामा होतो, पण उरलेले तिघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात आणि त्याचे धन-ऋण उलटे व्हायला लागतात. अल्कलाईन असेल तर तो गळतो, रिचार्जेबल असेल तर कायमचा जायबंदी होतो. रिचार्जेबलच्या चार सेलवर मार्करनं एकच अक्षर लिहून ठेवा आणि ते चौघे नेहमी एकत्रच वापरा. गाडी मंदावली की लगेच बंद करून सेल काढा. ‘अजून थोडी चालतीय की’ म्हणून शेवटचा थेंब काढण्यातच रिचार्जेबल मरतात.

रिचार्जेबल सेल आणि चार्जर विकत घेताना

सेलवर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असं लिहिलेलं बघा. तो पडून कमी उतरणारा सेल असतो, १९००-२००० एमएएचचा. काही सेल २५००-२७०० पर्यंत जातात, पण पडून राहिले की ते बहुधा लवकर उतरतात आणि त्यांचं आयुष्यही कमी. या आकारात ४००० एमएएच छापलेलं दिसलं तर पाकीट परत ठेवा. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये एवढं मावतच नाही.

चार्जर निवडताना दोन गोष्टी विचारा. सेल भरला की तो आपोआप थांबतो का, आणि प्रत्येक सेल वेगळा चार्ज करतो का. स्वस्त चार्जर दोन-दोनच्या जोडीनं चार्ज करतात आणि भरलं तरी थांबत नाहीत. असा चार्जर असेलच तर वेळ काढून ठेवा. चार्जरच्या पाठीवर आउटपुटचा करंट लिहिलेला असतो. समजा २५० मिलिअँपिअर. २००० ला १.२ नं गुणा, कारण थोडं उष्णतेत जातं. आले २४००. त्याला २५० नं भागा. साडेनऊ तास. रात्री दहाला लावले तर सकाळी साडेसातला काढायचे. शेवटी सेल कोमट लागणं ठीक, हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर लगेच काढा.

साधे किंवा अल्कलाईन सेल त्या चार्जरमध्ये कधीही घालू नका. आत वायू धरतो, सेल गळतो, फुटतोही. मुलांच्या हाताला चार्जर येत असेल तर हे त्यांनाही सांगा.

हल्ली बाजूला चार्जिंगचं भोक असलेले १.५ व्होल्टचे लिथियम रिचार्जेबलही मिळतात. चांगले असतात, खेळण्यात जोमानं चालतात, पण संपताना सूचना न देता एकदम बंद पडतात. त्यांना त्यांच्याच केबलनं चार्ज करायचं, निकेलवाल्या चार्जरमध्ये नाही. आणि ऑनलाइन याच आकाराचा ३.७ व्होल्टचा सेलही दिसतो, ‘१४५००’ या नावानं. तो टॉर्चसारख्या त्याच्यासाठीच बनवलेल्या वस्तूंचा. चार एकत्र खेळण्यात घातले तर सहाच्या जागी पंधरा व्होल्ट जातील आणि सर्किट जळेल.

चार्ज केलेले सेल किल्ल्या किंवा नाण्यांच्या ड्रॉवरमध्ये सुटे टाकू नका. आतला रोध कमी म्हणून शॉर्ट झाल्यावर ते चटका बसेल इतके तापतात. जुनी प्लॅस्टिकची डबी पुरे.

सेल गळला असेल तर

झाकण उघडल्यावर पांढरी, पावडरीसारखी साय दिसली तर ती अल्कलाईनची. हा क्षार आहे, डोळ्यांत किंवा जखमेत जाऊ देऊ नका, जमलं तर हातमोजे घाला. सेल काढा, कापसाच्या काडीवर थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पत्र्यावर आणि स्प्रिंगवर फिरवा. थोडं फसफसेल, ते बरोबर आहे. मग पाण्यानं ओल्या काडीनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. साध्या सेलची गळती मात्र तपकिरी-चिकट आणि आंबट जातीची असते. तिला लिंबू नाही, खायच्या सोड्याचं पाणी लावायचं. शेवटी स्प्रिंगचं टोक बारीक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, नाहीतर नवा सेल घालूनही करंट पोचत नाही. स्प्रिंग हिरवी होऊन तुटायला आली असेल तर घासत बसू नका, दुसरी बसवून घ्या. काम पाच मिनिटांचं असतं.

संपलेले सेल रोजच्या कचऱ्यात टाकू नका आणि जाळू तर नकाच. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत या छोट्या सेलचीही जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. रिचार्जेबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एका डब्यात साठवा आणि शहरात ई-कचरा संकलन होईल तेव्हा तिथे द्या.